पंपाच्या फोटोवरून टाकीचा डोस काढता येत नाही

“पंपाचा फोटो बघा, त्यावरचा लिटरचा आकडा घ्या आणि लेबलवरच्या लिटरच्या प्रमाणाने गुणा. झाला टाकीचा डोस. मोजत बसायची गरज नाही, कुठल्याही पंपाला चालतं.”

फवारणी पंपासाठी दिल्या जाणाऱ्या या सल्ल्यातल्या गुणाकाराबद्दल तक्रार नाही. गुणायला घेतलेला आकडाच चुकतो.

बॅटरी पंपावर बहुतेक वेळा 12×8 किंवा 12×12 ठळक छापलेलं असतं. ते बॅटरीचं माप आहे: 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तास. त्याला 12 लिटर समजून 16 लिटरच्या टाकीत औषध घातलं, तर पाव हिस्सा कमी पडतं. अळी मरत नाही आणि दोष औषधावर येतो.

आकडा खरंच लिटरचा असला तरी ती टाकीची क्षमता झाली, त्यात घेतलेलं पाणी नव्हे. कपाशीवर बोंडअळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के 10 लिटरला 4 ग्रॅम घेतात. स्टिकरवर 20 लिटर आहे म्हणून कोणी 8 ग्रॅम टाकतो. पण पाठीवर ओझं नको म्हणून टाकी 15 च्या खुणेपर्यंतच भरली असेल तर 6 ग्रॅम पुरे होते, म्हणजे तिसरा हिस्सा जास्त गेला. आधीचं 3 लिटर द्रावण तळाशी असेल तर नवं पाणी 12 लिटरच, आणि औषध 4.8 ग्रॅम. हे फोटोत कुठून दिसणार? तिरक्या कॅमेऱ्यातून खूणही वरखाली दिसते. पंप सपाट जागेवर ठेवा, लिटरच्या मापाने पाणी ओता आणि 10 आणि 15 लिटरला स्वतःची रेघ मारा. एकदाच करायचं काम आहे.

“कुठल्याही पंपाला चालतं” हे सर्वांत घातक. लेबलवर मूळ मात्रा हेक्टरी असते. याच औषधाची 190 ते 220 ग्रॅम, 500 लिटर पाण्यात. लिटरचं प्रमाण त्यातूनच निघालंय, म्हणजे एकरी साधारण 80 ग्रॅम आणि 200 लिटर पाणी. पेट्रोलवरचा पॉवर पंप पाणी जवळपास तिसरा हिस्साच वापरतो. तेच प्रमाण ठेवलं तर एकरात जेमतेम 27 ग्रॅम पोचतात. म्हणून कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत पॉवर पंपाला तिप्पट प्रमाण सांगतात. बॅटरी पंप मात्र साध्या पंपातच धरायचा, त्याला तिप्पट लावू नका.

आपलं पाणी किती जातं ते एका गुंठ्यावर तपासा. वाढलेल्या कपाशीत नुसतं पाणी नेहमीच्या चालीने फवारा. एकरी 200 लिटरच्या हिशोबाने गुंठ्याला 5 लिटर जायला हवं. 3 च लिटर गेलं, तर औषध वाढवण्याआधी नोझल साफ करा, चाल कमी करा आणि पुन्हा मोजा.