तक्रार लिहिण्याआधी उतरंड लिहा

तक्रारीचा पहिला अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहायचा आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून मुख्यमंत्र्यांपासून स्थानिक वृत्तपत्रापर्यंत दहा नावे घालायची, ही आपली जुनी सवय आहे, आणि माझ्या मते तीच आपले काम बिघडवते. तो अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन पुन्हा त्याच टेबलावर येतो, जिथे मूळ काम अडलेले असते. दरम्यान, जिथे खरोखर अपील करता आले असते तिथली मुदत मात्र सरत असते.

मागच्या वर्षी भाच्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला होता. पोचपावतीवर दाखला मिळण्याची तारीख १८ जून होती. ती उलटली तेव्हा घरातल्या सगळ्यांचे म्हणणे एकच होते, की आजच कडक पत्र लिहा. मी ते दोन दिवस लांबवले आणि आधी वहीच्या एका पानावर अधिकाऱ्यांची उतरंड काढली.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने ती आपल्यासाठी बऱ्याच अंशी आखूनच दिली आहे. अधिसूचित सेवा देणारा तो पदनिर्देशित अधिकारी, त्याच्यावर प्रथम अपिलीय प्राधिकारी, त्याच्यावर द्वितीय अपिलीय प्राधिकारी आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. या पदांवर प्रत्यक्षात कोण आहे हे प्रत्येक सेवेसाठी वेगळे ठरते आणि ते कार्यालयाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. आमच्या तालुक्यातल्या फलकावर या दाखल्यासाठी अनुक्रमे तहसीलदार, उपविभागीय अधिकारी आणि अपर जिल्हाधिकारी अशी पदे होती. (फलक झेरॉक्सच्या यंत्रामागे होता, तो वाचण्यासाठी शिपायाची परवानगी घ्यावी लागली.) जिल्हाधिकारी या उतरंडीत कुठेच नव्हते, म्हणजे त्यांना लिहिलेले पत्र या कायद्याखालचे अपील ठरलेच नसते.

पानावर प्रत्येक पायरीसमोर मी दोनच गोष्टी लिहिल्या: मुदत कोणत्या घटनेपासून मोजायची, आणि त्या अधिकाऱ्याला कोणता कागद पाहावा लागेल. पहिले अपील अर्ज फेटाळल्याचे कळल्यापासून किंवा सेवेची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचे असते, म्हणजे आमच्यासाठी १८ जुलैपर्यंत. दुसरे अपील पहिल्या अपिलाच्या आदेशापासून ३० दिवसांत, आणि काहीच उत्तर न आल्यास पहिले अपील दाखल केल्यापासून ४५ दिवस झाल्यावर. आम्ही पहिले अपील २४ जूनला दिले, तेव्हा ८ ऑगस्ट ही तारीख त्याच दिवशी वहीत चढली. आयोगाकडे जाण्यासाठी दुसऱ्या आदेशापासून ६० दिवस असतात.

दुसऱ्या रकान्याने मात्र पत्राचा मजकूरच बदलला. वरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आधी एकच गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे अर्ज सर्व कागदपत्रांसह कोणत्या दिवशी पूर्ण झाला, कारण सेवेची मुदत तिथून सुरू होते. कार्यालयाचा नेहमीचा बचावही इथलाच असतो: अखेरच्या दिवसांत 'त्रुटी' काढायची आणि अर्ज अपूर्ण होता असे म्हणायचे. आमच्याही अर्जावर १७ जूनला तलाठ्याचा अहवाल नसल्याची त्रुटी नोंदवली होती. तो अहवाल अर्जासोबत अपलोड केल्याची नोंद पोचपावतीवर होती, म्हणून अपिलात अपमान, हेलपाटे, कर्मचाऱ्याचा उद्धटपणा यांपैकी एकही शब्द न घालता मी अर्जाचा क्रमांक, पोचपावतीची तारीख, त्या अहवालाची नोंद आणि त्रुटीचा दिवस एवढेच चार मुद्दे लिहिले. रागाच्या भरात पहिले पत्र लिहिले असते तर त्यात उद्धटपणा पहिल्या परिच्छेदात आणि अहवाल कुठेच नसता.

शिडी काढण्यामागे आणखी एक कारण आहे. काही दारे आधीचे दार ठोठावल्याखेरीज उघडत नाहीत. लोकायुक्तांकडे गाऱ्हाणे नेता येते, पण जिथे कायद्याने अपिलाची सोय दिली आहे तिथे ते साधारणपणे लक्ष घालत नाहीत, आणि गाऱ्हाण्यासाठी कृती कळल्यापासून १२ महिन्यांची मर्यादाही आहे. म्हणून त्यांचे नाव मी पानाच्या कडेला, मुख्य शिडीबाहेर लिहिले.

या शिडीची मर्यादाही सांगायला हवी. सेवा अधिसूचित नसेल तर हा कायदा लागूच होत नाही. अपिलात दोष सिद्ध झाल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला होणारा दंड ५०० ते ५,००० रुपये एवढाच आहे, आणि तो अर्जदाराला भरपाई म्हणून मिळत नाही.

उपविभागीय कार्यालयाने ७ जुलैला सुनावणीला बोलावले. कारकुनाने विचारले, "जिल्हाधिकारी साहेबांना प्रत नाही का दिली?" मी नाही म्हणालो. पोचपावती आणि त्रुटीचा कागद शेजारी शेजारी ठेवून उपविभागीय अधिकाऱ्यांनी तारखा पाहिल्या, आणि दाखला चौथ्या दिवशी मिळाला. वहीतल्या ८ ऑगस्टवर काट मारली.