धूळ पुसणे वेगळे, डबा पुसणे वेगळे

«स्पर्धेत सेन्सरवरची धूळ काढायला परवानगी असते, म्हणजे फोटोतली कुठलीही छोटी नको असलेली गोष्ट काढली तरी चालते. टूल तेच वापरायचे असते. आणि जे क्रॉप करून कापता येते, ते क्लोन करून पुसले तर काय बिघडले?»

वृत्तछायाचित्रण, माहितीपट किंवा निसर्ग विभागात प्रवेशिका पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांनी या मजकुरावर विसंबू नये, कारण त्यातले पहिले अर्धे वाक्य तेवढे खरे आहे.

परवानगी टूलला नसते. काय काढले, त्याला असते. निसर्ग विभागासाठी छायाचित्रणाची आंतरराष्ट्रीय संघटना फियाप, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून केलेली व्याख्या या बाबतीत अगदी नेमकी आहे. कॅमेऱ्यामुळे चित्रात शिरलेल्या गोष्टी, म्हणजे धुळीचे ठिपके, डिजिटल नॉइज, फिल्मवरचे ओरखडे, काढता येतात. लेन्ससमोर प्रत्यक्षात असलेली गोष्ट मात्र क्रॉपखेरीज अन्य मार्गाने काढता येत नाही आणि नसलेली घालता येत नाही. वस्तू किती छोटी आहे, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढतानाचे एक छायाचित्र समजा. दोराला भिडलेली माणसे, मागे फिकट आकाश, आकाशात दोन करडे ठिपके आणि डाव्या कडेला वाळूत पडलेला निळा प्लास्टिकचा डबा. दोन्ही ठिपके धुळीचेच, असे गृहीत धरून ते पुसणे घाईचे ठरेल. आधी त्याच वेळी काढलेली पुढची-मागची छायाचित्रे शंभर टक्के मोठी करून शेजारी ठेवावीत. कॅमेरा हलला तरी जो ठिपका चौकटीत त्याच जागी राहतो, कडा मऊ असलेला गोलसर दिसतो, f/16 ला उठून दिसतो आणि f/4 ला जवळजवळ विरून जातो, ती सेन्सरवरची धूळ होय. वाऱ्यावर, वाळू उडत असताना लेन्स बदलली की ती हमखास बसते. दुसरा ठिपका मात्र पुढच्या छायाचित्रात सरकलेला असेल, तर तो दूरवरचा कुरव किंवा घार आहे. पहिला काढावा, दुसरा ठेवावा, जरी दोन्ही एकाच आकाराचे असले तरी.

डबा तर उघडच त्या किनाऱ्यावर होता. तो क्लोन करून पुसला, तर त्या जागी सॉफ्टवेअरने जुळवलेली, तिथे कधीच न दिसलेली वाळू येते. क्रॉपमध्ये असे काही घडत नाही: चौकट लहान होते, पण उरलेल्या चौकटीतला प्रत्येक भाग कॅमेऱ्याने टिपलेलाच राहतो. कडेचा डबा कापताना दोर धरणाऱ्याचा हात कापला जात असेल, तर डब्यासकट छायाचित्र पाठवावे. माझ्या मते डब्यामुळे ते किनाऱ्याशी अधिक प्रामाणिकच राहते. डबा काळोखा करून सावलीत मिसळून टाकण्याची पळवाटही बंद आहे, कारण वर्ल्ड प्रेस फोटोच्या नियमांत छटा बदलून वस्तू किंवा पार्श्वभूमी नाहीशी करणे हाही आशयात केलेला बदलच मानला जातो.

त्याच स्पर्धेतले 2010 सालचे उदाहरण विद्यार्थ्यांनी जरूर अभ्यासावे. स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराला कीवमधल्या रस्त्यावरच्या मारामारीवरील मालिकेसाठी पारितोषिक जाहीर झाले होते. हाताला पट्टी बांधतानाचे एक चित्र त्यांनी मूळ रंगीत, रुंद चौकटीतून पुष्कळ कापून, कृष्णधवल करून आणि छटा गडद करून सादर केले होते. पारितोषिक रद्द झाले ते यांपैकी कशामुळेही नव्हे, तर मागे दिसणाऱ्या एका माणसाच्या पायाचा छोटासा भाग पुसल्यामुळे. एवढे मोठे क्रॉप चालले आणि एवढासा पाय पुसणे चालले नाही, यातच सुरुवातीला दिलेल्या मजकुराचे उत्तर आहे. हे उघड झाले ते मूळ रॉ फाइलशी तुलना केल्यावर. आज अनेक स्पर्धा शेवटच्या फेरीत रॉ फाइल मागतात, काही तर आधीची-नंतरची छायाचित्रेही मागतात. म्हणून मूळ फाइल कार्डावरून उतरवून तशीच जपावी. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत पुरावा म्हणून चालत नाही.

एक प्रकार खरोखर अवघड आहे: लाटेचा तुषार उडून लेन्सच्या पुढच्या काचेवर बसलेला खारा थेंब. तोही समोरच्या दृश्याचा भाग नव्हे, त्यामुळे धुळीसारखाच वाटतो. पण त्याचा धूसर डाग माणसाच्या चेहऱ्यावर किंवा जाळ्यावर पसरला असेल, तर तो काढताना खालचा तपशील कल्पनेनेच भरावा लागतो, आणि तिथे सफाई संपून भर घालणे सुरू होते. कोऱ्या आकाशातल्या अशा डागाबद्दल आयोजकांना लेखी विचारून घ्यावे. चेहऱ्यावरचा असेल, तर त्या विभागासाठी दुसरे छायाचित्र निवडावे. सर्जनशील किंवा खुल्या विभागात, नियमावलीत तशी मुभा असेल तर, डबा, पक्षी आणि थेंब तिन्ही काढता येतात.