पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून भाडं निम्मं होत नाही

"सलून-पार्लर बांधवांनो, गाळामालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र द्या. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर भाडं आपोआप निम्मं होतं, तेवढंच भरा. कोविडमध्ये कोर्टाने भाडं माफ केलंच होतं. मालक वर्षाला 4 टक्क्यांवर भाडं वाढवू शकत नाही. 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. लांब मुदत मागा, 12 वर्षं पूर्ण झाली की गाळा आपला. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

माझ्या भाच्याचं पुण्यात तीन खुर्च्यांचं सलून आहे. भाडं 18,000, डिपॉझिट एक लाख, करार 11 महिन्यांचा. हा मेसेज वाचून त्याने पत्र पाठवलं, सोळाव्या दिवशी मालकाच्या खात्यात 9,000 टाकले आणि मग मला फोन केला. त्याच्या करारात स्पष्ट लिहिलंय की दोन महिन्यांचं भाडं थकलं तर मालक करार रद्द करू शकतो आणि थकबाकी डिपॉझिटमधून वळती होते. उरलेले 9,000 त्याच संध्याकाळी भरायला लावले. म्हणून हे लिहितोय.

पत्र म्हणजे प्रस्ताव. समोरचा गप्प बसला याचा अर्थ त्याने होकार दिला असा होत नाही. ठरलेलं भाडं बदलायचं तर दोघांची संमती लागते, आणि ती कागदावर लागते. तोपर्यंत जुनं भाडं पूर्ण भरायचं, वेळेवर भरायचं. भाडं थकवून सवलत मागणाऱ्याला कुठलाही मालक मुदत वाढवून देणार नाही.

कोविडचं म्हणाल तर मे 2020 मध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका चपलांच्या दुकानाचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. दुकान लॉकडाऊनमुळे बंद होतं, तरी भाडं स्थगित करायला कोर्टाने नकार दिला. भरायला थोडी मुदत मिळाली, इतकंच.

चार टक्क्यांची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये तशी तरतूद आहे. पण ती पागडीच्या जुन्या, प्रमाण भाड्याच्या जागांसाठी. आजच्या लिव्ह अँड लायसन्सच्या गाळ्यात करारात जी वाढ लिहिली असेल ती लागू.

नोंदणीचं विधान मात्र महाराष्ट्रात सरळ खोटं आहे. याच कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो 11 महिन्यांचा असो की 36. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगतो ते ग्राह्य धरतात. म्हणजे नोंदणीची गरज मालकालाही आहे, आणि हे पत्रात नम्रपणे लिहिता येतं.

आता ते 12 वर्षांचं. सगळ्यात जास्त संताप मला याच ओळीचा येतो. 1963 च्या मुदत कायद्यातली 12 वर्षं ही मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे, त्याच्या परवानगीशिवाय ठेवलेल्या ताब्यासाठी आहेत. तुम्ही दर महिन्याला भाडं भरता म्हणजे दर महिन्याला त्याची मालकी मान्य करता. भाडेकरू म्हणून किंवा परवान्याने आत आलेल्या माणसाला, जागा ताब्यात असेपर्यंत, ती देताना मालकाचा हक्क नव्हता असं म्हणताच येत नाही. पुराव्याच्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. अशी 12 काय, 30 वर्षं काढली तरी गाळा तुमचा होत नाही.

आणि याचा तोटा होतो तो सलूनवाल्यालाच. भाच्याच्या मालकांना मी भेटायला गेलो, तर काकांनी चष्मा लावून मोबाईल माझ्यापुढे धरला. तोच मेसेज! म्हणाले, "हे वाचल्यावर तीन वर्षांचा करार कोण करेल, तुम्हीच सांगा."

सलूनला लांब मुदत का लागते, ते पत्रात आकड्यांनी सांगायला हवं होतं. बेसिनची ड्रेनेज लाइन, गिझर, आरसे, टाइल्स, वायरिंग यावर भाच्याचे 1,80,000 गेले. यातलं बहुतेक उचलून दुसरीकडे नेता येत नाही. 11 महिन्यांत वसूल करायचं तर महिन्याला सोळा हजारांच्या वर, म्हणजे जवळजवळ दुसरं भाडंच. 36 महिन्यांत महिन्याला 5,000.

सवलतीचं कारणही नेमकं हवं. "धंदा मंदा आहे" एवढ्यावर कोणी भाडं कमी करत नाही. समोर रस्त्याचं काम निघालं, गाडी लावायला जागा उरली नाही. भाच्याच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाईक लिहिलेलं असतं: काम निघण्याआधीच्या रविवारी 31, नंतरच्या रविवारी 19. त्या दोन पानांच्या झेरॉक्स आम्ही मालकांना लिहिलेल्या नव्या पत्राला जोडल्या.

पहिल्या मसुद्यात आम्ही 16,000 पासून सुरुवात करून दरवर्षी 5 टक्के वाढ मांडली होती. हिशेब केला तेव्हा मालकाच्या बाजूने ती टिकेना. 18,000 वर दरवर्षी 5 टक्के धरले तर तीन वर्षांत त्यांना 6,80,940 मिळतात, आमच्या प्रस्तावात 6,05,280. तूट पाऊण लाखाची. मग बदललं: पहिलं वर्ष 16,000, दुसरं पुन्हा 18,000, तिसरं 18,900. एकूण 6,34,800, तूट 46,140. भाचा सोडून गेला आणि गाळा दोन महिने रिकामा राहिला तर 36,000 आणि एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे 54,000 जातात. आता प्रस्ताव मालकालाही परवडतो. मात्र गाळा लगेच जाणाऱ्या नाक्यावर हा हिशेब चालणार नाही, तिथे सवलत कमी मागावी किंवा फक्त मुदत मागावी.

खर्चाची भीतीही घालवली. 60 महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागतं. इथे ती बेरीज 6,64,800, शुल्क 1,662. शहरात नोंदणी फी 1,000. दर 11 महिन्यांनी नोंदणीची धावपळ करण्यापेक्षा हे सोपं.

काकांची 12 वर्षांची शंका घालवायला पत्रात एक वाक्य टाकलं: "मुदत संपल्यावर गाळा रिकामा करून देईन, मालकी आपलीच आहे, त्यावर माझा कोणताही हक्क नाही." बदल्यात लॉक-इन मागितला. 36 महिने मालकाने उठवायचं नाही, भाच्याने पहिले 12 महिने सोडायचं नाही, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस.

काकांनी पेन्सिलने 12 खोडून 18 केलं आणि पत्र परत दिलं. भाचा सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा, नोंदणीला जाणार आहे.