‘आफ्रिकेला गेलेले गोंयकार गिरमिटिये होते का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

फोंड्याहून एका वाचकाची प्रतिक्रिया: “मॉरिशसच्या मराठी मजुरांवर तुम्ही एवढा मोठा लेख लिहिलात, पण आमचे गोंयकार त्यात एका ओळीतही नाहीत. माझे पणजोबा लेखी करारावर नैरोबीला गेले, तीन वर्षं घर दिसलं नाही. तेही गिरमिटियेच. पोर्तुगीज राजवटीतले म्हणून ते तुमच्या हिशेबात बसत नाहीत का?”

नमस्कार. पणजोबांची तीन वर्षं कष्टाची होती यात वाद नाही. पण कष्ट, गरिबी, समुद्रापलीकडचा प्रवास किंवा लेखी कागद, यांतल्या कशानेही माणूस गिरमिटिया, म्हणजे करारात जखडलेला मजूर, ठरत नाही. त्याने मध्येच काम सोडलं तर पुढे काय होत होतं, यावर ते ठरतं. नोकरी गेली आणि परतीचं भाडं बुडालं, तर तो नोकर. पोलीस पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत असतील आणि तुरुंग भोगून पुन्हा त्याच मालकाकडे धाडत असतील, तर तो गिरमिटिया. करार मोडणं हा दिवाणी वाद न राहता फौजदारी गुन्हा होणं, हीच त्या पद्धतीची खरी नांगी.

देवरुखकडचा एक गडी धरा. मुंबईच्या डेपोत त्याची तपासणी होते, सरकारी अधिकाऱ्यासमोर ‘राजीखुशीने जातो’ असं वदवून घेतात आणि जहाजात बसवतात. मॉरिशसला पोर्ट लुईच्या घाटावर उतरल्यावर त्याला नंबर मिळतो. नोंदवहीत त्याचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण हे सगळं लिहिलं जातं. आडनाव बहुधा नाहीच. म्हणून तिकडच्या अनेक घराण्यांत आजही पणजोबाचं पाळण्यातलं नाव हेच आडनाव झालेलं दिसतं.

पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. आता हिशेब करू. पाच रुपये म्हणजे ऐंशी आणे, कामाचे दिवस साधारण सव्वीस, म्हणजे दिवसाला तीन आण्यांच्या थोडं वर. तिथल्या नियमाप्रमाणे एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापला जाई. ‘डबल कट’ म्हणत त्याला. तापाने चार दिवस पडून राहिलेल्या आणि मुकादमाने आजारी न मानलेल्या गड्याचे आठ दिवस गेले, म्हणजे जवळपास पंचवीस आणे. हातात उरले साडेतीन रुपयांच्याही आत. एवढं होऊन तो उसाचा मळा सोडून दुसरीकडे जाऊ शकत नव्हता, कारण तसा गेला की तो ‘पळालेला’.

करार कधी तीन वर्षांचा असे, पुढे पाच वर्षांचा झाला. तो संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे आणि दुसऱ्या जिल्ह्यात जायला पोलिसांचा पास लागे. तिकीट घरी विसरलेला माणूस थेट कोठडीत. मजुरांकडे पुन्हा करार करण्यावाचून वाट राहू नये, हाच त्यामागचा बेत. १८७१ मध्ये दे प्लेविट्झ नावाच्या युरोपीय माणसाने ९,४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यानंतर रॉयल कमिशन नेमलं गेलं. सह्या म्हणजे बहुतेक अंगठे आणि फुल्या, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे वळू. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचा ताबा आला, आगरं बसली, आणि रेल्वे येईपर्यंत बार्देश-साश्टीतली माणसं आधीच मुंबईच्या वाटेला लागली होती. धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गावच्या लोकांच्या सामायिक बिऱ्हाडात, गाववाल्यांबरोबर राहायचं, बोटीवर तारवटी, कुणा साहेबाकडे कुक, नाहीतर शिंपी व्हायचं. तिथून झांझिबार, मोंबासा, नैरोबी. युगांडा रेल्वे बांधायला १८९६ पासून सुमारे बत्तीस हजार करारबद्ध मजूर नेले, ते बहुतेक पंजाबचे, कराची बंदरातून. त्याच रेल्वेच्या कचेरीत हिशेब लिहिणारा मात्र अनेकदा गोंयकार होता. तुमचे पणजोबा नैरोबीला गेले ते बहुधा असेच.

ब्रिटिश भरती ब्रिटिश मुलखातल्या प्रजेची होती, गोंयकार पोर्तुगालची प्रजा. वेंगुर्ल्याच्या वाटेने कुणी पेडण्याचा गडी नाव बदलून मुंबईच्या डेपोत शिरला नसेलच, असं मी म्हणत नाही. पण त्यावर समाज उभा राहिला नाही.

परतीची वाट उघडी होती की नाही, यानेच दोन्हीकडचे समाज वेगळे घडले. मॉरिशसला सुमारे साडेचार लाख माणसं उतरली, परतली ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उरलेल्यांनी पुढे मळेवाल्यांनी तुकडे पाडून विकलेली जमीन घेतली आणि गावं वसवली. मराठी बोलणं तिथल्या क्रिओल भाषेपुढे मागे पडलं, तरी गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. नैरोबीचा गोंयकार मात्र रजेवर घरी यायचा, लग्न गावात करायचा, पैसे गावच्या घरावर घालायचा. जातपातही सोबत नेली त्याने: कारकुनांचा क्लब वेगळा, शिंप्यांची सोसायटी वेगळी. या शिंप्यांविषयी फार कमी लिहिलं जातं, आणि नैरोबीच्या आठवणी वाचताना मला ते सतत खटकतं.

राहिला पोर्तुगीज राजवटीचा मुद्दा. पोर्तुगीजांची स्वतःची करारपद्धत होती, आणि ती ब्रिटिशांच्या वरताण होती. अंगोलातून साओ तोमे बेटावरच्या कोको मळ्यांवर ‘सेर्व्हिसाइस’ म्हणजे करारी मजूर नेत, पाच वर्षांच्या करारावर, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत त्यांतलं जवळजवळ कुणी परत आलं नाही. १९०९ मध्ये इंग्लंडच्या कॅडबरीसारख्या कंपन्यांनी तो कोको घेणं थांबवलं ते यावरूनच. या साम्राज्यात मळ्यावर राबणारे आफ्रिकन होते. गोंयकार सापडतो तो बऱ्याचदा दुसऱ्या बाजूला. म्हापशात १८३५ साली जन्मलेला मानुएल आंतोनियो द सौझा, ज्याला ‘गोव्हेया’ म्हणत, मोझांबिकमध्ये झांबेझीच्या खोऱ्यात ‘प्राझो’चा, म्हणजे मोठ्या जहागिरीचा, धनी झाला. त्याच्यापाशी चिकुंदा म्हणजे गुलाम सैनिकांची फौज होती, आणि १८९२ मध्ये मरेपर्यंत त्या मुलखात त्याचा दरारा होता. ‘आमचे गोंयकार’ म्हणून ओळ मागायची, तर ती अशीही येईल.

पणजोबांचं काय ते कागदच सांगतील. घरात पासपोर्ट असेल, किंवा पणजीच्या ट्रंकेत करार सापडला, तर तीन गोष्टी पाहा: भाडं कुणी भरलं, मालक बदलायची मुभा होती का, आणि काम सोडल्यास दंड लिहिलाय की तुरुंग. घरात काही नसेल तर पणजी शहरातल्या पुराभिलेखागारात पासपोर्टची नोंद मिळते का ते पाहा. तुरुंगाचं कलम निघालं, तर त्या कराराची प्रत मला जरूर पाठवा, त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.