भावाची टर्म पॉलिसी ११४ दिवस बंद होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता

माझा धाकटा भाऊ चाकणला नोकरीला आहे. घरात तो एकटाच कमावता आणि मुलगी दुसरीत. २०१९ साली, बत्तिसाव्या वर्षी, मीच मागे लागून त्याला एक कोटीची टर्म पॉलिसी घ्यायला लावली होती. हप्ता दरमहा १,८५० रुपये, ७ तारखेला खात्यातून आपोआप कापला जाणारा. यंदा त्याने कंपनी बदलली आणि पगार नव्या बँकेत जमा व्हायला लागला. हप्ता मात्र जुन्याच खात्याला जोडलेला राहिला.

१४ ऑगस्टला मुलीच्या शाळेच्या फीची पावती शोधताना वहिनीने जुन्या खात्याचं स्टेटमेंट उघडलं आणि मला फोन केला. ७ एप्रिलला खात्यात १,४१२ रुपये होते. १,८५० कापायला गेले, परत फिरले आणि खाली एक ओळ आली: NACH RTN CHG, म्हणजे हप्ता परत फिरल्याचा बँकेचा दंड, ५९० रुपये. उरले ८२२. मे महिन्यात तेच, उरले २३२. भावाने एप्रिलचा मेसेज पाहिला होता. "ताई, मला वाटलं पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम कापून घेतील," तो म्हणाला.

हा समज खूप घरांत आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसले. हप्ता परत फिरला की आपल्याला तो बँकेचा प्रश्न वाटतो. पण त्याच तारखेपासून विम्याची मुदत मोजायला सुरुवात झालेली असते. कंपनी कधी कधी पुन्हा पैसे काढायचा प्रयत्न करते, कधी करत नाही, आणि तो प्रयत्न होईपर्यंत मुदत थांबत नाही.

ही मुदत, म्हणजे ग्रेस पीरियड, किती हे हप्त्याच्या प्रकारावर ठरतं. तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्ता असेल तर ३० दिवस, मासिक असेल तर फक्त १५. मासिक हप्ता खिशाला सोपा जातो म्हणून पगारदार माणसं तोच घेतात, आणि सगळ्यात कमी सवड त्यांनाच मिळते. भावाची मुदत २२ एप्रिलला संपली. तोपर्यंत त्याचं काही बरंवाईट झालं असतं तरी थकलेला हप्ता वजा करून वहिनीला क्लेम मिळाला असता, कारण ग्रेस पीरियडमध्ये जीवन विम्याचं कवच चालू असतं. शिवाय त्या पंधरा दिवसांत कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन, पॉलिसी नंबर टाकून यूपीआयने १,८५० भरले असते तर विषय तिथेच मिटला असता. ना व्याज, ना फॉर्म, ना तपासणी. २३ एप्रिलपासून पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. बचतीच्या पॉलिसीत काही वर्षं हप्ते भरलेले असले तर थोडीफार रक्कम शिल्लक राहते. शुद्ध टर्ममध्ये मागे काहीच राहत नाही.

१४ ऑगस्टला आम्ही मोजलं तेव्हा ११४ दिवस झाले होते. रोज मोटारसायकलवर चाकणचा हायवे.

ओळखीच्या एकाने सुचवलं, सोडून द्या, नवीन घ्या. आम्ही ऐकलं नाही. पॉलिसी पुन्हा सुरू केली, म्हणजे रिव्हाइव्ह केली, तर हप्ता बत्तिसाव्या वर्षाच्या वयावरच धरला जातो. नवीन घेतली तर चाळिशीच्या दाराशी उभ्या माणसाचा दर लागतो. टर्म आणि पारंपरिक पॉलिसींना पहिला हप्ता थकल्यापासून पाच वर्षं रिव्हायव्हलची संधी असते, यूलिपला, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसीला, तीन वर्षं. पण पाच वर्षं आहेत म्हणून निवांत बसण्यासारखं यात काही नाही. दर महिन्याला व्याज वाढतं आणि मधल्या काळात तब्येत बदलते.

त्याची बदलली होती. मे महिन्यात त्याला बीपीची गोळी सुरू झाली होती.

आधी आम्ही शाखेतून रिव्हायव्हलचं कोटेशन लेखी घेतलं. एप्रिल ते ऑगस्ट पाच हप्ते, ९,२५० रुपये, वर दीडशेच्या आसपास व्याज. ही रक्कम किरकोळ होती. खरा कस लागला तो सोबतच्या डीजीएच फॉर्मवर, म्हणजे तब्येतीच्या घोषणापत्रावर. त्यात सरळ प्रश्न होता: सध्या कुठलं औषध नियमित घेता का? एजंट म्हणाला, "कशाला लिहिता? गोळी चालू आहे, बीपी नॉर्मलच येणार."

भाऊ डगमगला. मी त्याला विमा कायद्याचं कलम ४५ समजावून सांगितलं. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला माहिती लपवल्याच्या कारणावरून तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. त्याची २०१९ ची पॉलिसी हे संरक्षण मिळवून बसली होती. पण रिव्हायव्हल झालं की ही तीन वर्षं त्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. आज गोळी लपवली आणि दोन वर्षांनी काही झालं, तर केमिस्टच्या बिलावरून क्लेम अडेल आणि तेव्हा खेटे घालायला वहिनी एकटी असेल. त्याने गोळीचं नाव आणि सुरू झाल्याचा महिना लिहिला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

पैसे भरल्याची पावती लगेच मिळाली आणि घरात सगळे निर्धास्त झाले. इथे मला पुन्हा सगळ्यांना थांबवावं लागलं. तो कागद फक्त पैसे जमा झाल्याचा असतो. कंपनीचा निर्णय येईपर्यंत पैसे अनामत पडून राहतात आणि कवच सुरू झालेलं नसतं. कंपनी जुन्याच अटींवर हो म्हणू शकते, हप्ता वाढवू शकते किंवा नाही म्हणून पैसे परत करू शकते. रक्त, लघवी, ईसीजी झाले आणि अकराव्या दिवशी पत्र आलं: मंजूर, पण हप्ता १,८५० ऐवजी २,२२०. महिन्याला ३७० जास्त, पॉलिसी असेपर्यंत. एप्रिलमध्ये वेळेवर भरलं असतं तर त्या गोळीबद्दल कुणी विचारलंही नसतं.

मेडिक्लेमचं गणित थोडं वेगळं आहे. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांत भरून जुन्या आजारांसाठी आधी काढलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही, पण मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती झालात तर ते बिल मिळत नाही. तिथे पंधरावीस दिवसांचा उशीरही महागात पडू शकतो.

कंपनीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी लेखी दिली आहे. नोटीस आमच्या जुन्या भाड्याच्या पत्त्यावर गेली. पत्ता बदलला नाही ही आमची चूक. पण ज्या बाईसाठी ही पॉलिसी काढली तिचं नाव, तिचं नातं कंपनीकडे आहे. हप्ता चुकल्याचा एक मेसेज नॉमिनीलाही का जाऊ नये? कवच गेल्याचा फटका तिलाच बसणार असतो.

ऑटोपे आता नव्या खात्यावर केलं. जुन्या मँडेटची, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला दिलेल्या परवानगीची, कमाल मर्यादा २,००० होती, वाढलेला हप्ता त्यात बसलाच नसता, म्हणून नवं मँडेट ५,००० चं घेतलं. ते नोंदवायला काही दिवस लागतात, म्हणून सप्टेंबरचा हप्ता हातानेच भरला. वर्षपूर्तीला वार्षिक हप्त्याचा अर्ज देणार आहोत, म्हणजे सवड तरी ३० दिवसांची मिळेल. ७ ऑक्टोबरला सकाळी वहिनीने मला स्क्रीनशॉट पाठवला, २,२२० कापल्याचा. पोर्टलचा पासवर्ड आता तिच्याकडे असतो.