साधं पाणी भरपूर प्यायलं की झालं?

प्रतिक्रिया: «आम्ही नाशिकच्या मैदानांवर दिवसदिवस खेळलो, माठातलं पाणी प्यायलो, कुणाला काही झालं नाही. मीठ, इलेक्ट्रोलाइट ही कंपन्यांची फॅडं. मुलांना भरपूर साधं पाणी पाजा, बस्स.»

काका, पाकिटातली पावडर घ्याच असं मीही म्हणत नाही. माझी हरकत «भरपूर» या शब्दाला आहे, कारण त्या शब्दाने मला एकदा भलतंच घाबरवलंय.

सप्टेंबरातली मॅच होती. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी कडक ऊन, मैदानातून वाफा निघत होत्या. अशा दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. अंग गार होत नाही, पण पाणी आणि मीठ मात्र जातच राहतं. आम्ही मॅचच्या आधी आणि नंतर, घामट कपडे काढून, मुलांचं वजन करतो. आमचा वेगवान गोलंदाज 60 किलोचा 58.8 झाला. तीन तासांत तो दीड लिटर प्यायला होता, लघवीला गेला नव्हता. म्हणजे घाम गेला 2.7 लिटर, तासाला साधारण 900 मिली. दोन टक्के वजन घटलं. यापुढे घट गेली की खेळावर परिणाम दिसायला लागतो.

सीमारेषेवरच्या दुसऱ्या मुलाला फारसा घाम नव्हता. पण «पाणी पी, पाणी पी» ऐकून तो सतत साधं पाणी पीत राहिला. वजन 600 ग्रॅमने वाढलेलं! डोकं दुखत होतं, मळमळत होतं, बोटातली अंगठी रुतली होती. «ऊन लागलंय, अजून पाणी द्या,» असं कुणीतरी म्हणालं. तेच त्याला धोक्याचं ठरलं असतं. दवाखान्यात रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातलाच एक घटक, जास्तीच्या पाण्याने पातळ होऊन 128 निघालं. ते किमान 135 हवं. आणखी उतरलं तर मुलगा बरळतो, झटके येतात. अशा वेळी पाणी थांबवायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.

एक लिटर घामाबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. माणसागणिक यात बराच फरक पडतो. आमच्या गोलंदाजाच्या काळ्या टोपीवर वाळल्यावर पांढऱ्या रेघा उमटतात, त्याचं मीठ जास्त जातं. म्हणून लांबच्या मॅचला आम्ही लिंबू सरबतच करतो: लिटरभर पाण्यात पाव छोटा चमचा मीठ, सहा सपाट छोटे चमचे साखर. पण मीठ घातलं म्हणून कितीही प्यायचं नाही, कारण या सरबतातलं सोडियम रक्तापेक्षा बरंच कमी असतं. घामापेक्षा जास्त पोटात गेलं तर तेही रक्तातलं सोडियम उतरवतं.

ब्रेकमध्ये तहानेपुरतं प्यायचं, मॅच संपल्यावर वजन वाढलेलं नसावं. घटलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, जेवणासोबत हळूहळू. वरण-भात, लोणचं, ताक यातून मीठ आपोआप भरून येतं. तुमच्या काळी डब्यात बहुधा हेच असायचं, काका.