घोणशीच्या विषाची चाचणी: ६२ सेकंद आले, पण कशामुळे?

“घोणशीच्या विषाची टेस्ट वाढलेली आली की ल्युपस अँटिकोआग्युलंट पक्कं. म्हणजे रक्त आधीच पातळ झालंय, गोळ्या घेत असाल तर ताबडतोब बंद करा. ल्युपस झालेलाच आहे, लक्षणं मागाहून येतील. कन्फर्म टेस्ट म्हणजे लॅबने बिल वाढवायची युक्ती, तीच गोष्ट दोनदा मोजतात.”

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपासून सुरुवात करते, कारण वरच्या दाव्यातल्या चार वाक्यांपैकी हे एकच वाक्य जिवावर बेतू शकतं. ल्युपस अँटिकोआग्युलंट म्हणजे काही जणांच्या रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडीज, आणि या नावात ‘अँटिकोआग्युलंट’ म्हणजे गोठणं रोखणारं असं आहे ते फक्त काचेच्या नळीपुरतं. नळीत रक्त उशिरा गोठतं, पण शरीरात याच अँटिबॉडीज रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि प्लेटलेट्स यांना चेतवतात आणि गुठळ्या होतात. पायातली खोल शीर, फुप्फुस, मेंदू, गरोदरपणी वार, कुठेही. ज्याला आधी गुठळी झाली आहे त्याने ‘रक्त पातळ आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळी थांबवली, तर दुसऱ्या गुठळीला वाट मोकळी होते. अपवाद आहे, पण दुर्मीळ: काही जणांत या अँटिबॉडीजमुळे रक्त गोठवणारं प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिनच कमी होतं आणि खरोखर रक्तस्राव होतो. तेव्हा पीटी, म्हणजे गोठण्याची वेळ मोजणारी नेहमीची चाचणी, तीसुद्धा चांगलीच वाढते. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

आता चाचणीकडे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले असतात; घोणशीच्या विषातलं एक द्रव्य त्यातल्या दहाव्या फॅक्टरला थेट जागं करतं. त्यामुळे सातवा, आठवा, नववा, अकरावा, बारावा हे फॅक्टर वाटेत येतच नाहीत. उरतात दहावा, पाचवा, प्रोथ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन आणि ज्याच्या पृष्ठभागावर हे काम चालतं ते फॉस्फोलिपिड. स्क्रीन म्हणजे पहिली चाचणी; तिच्या अभिकर्मकात, म्हणजे प्लाझ्मात मिसळायच्या रसायनात, विषही पातळ असतं आणि फॉस्फोलिपिडही मुद्दाम तोकडं ठेवलेलं असतं. या अँटिबॉडीज फॉस्फोलिपिडला चिकटलेल्या प्रथिनांवर जाऊन बसतात. जागा मुळातच थोडी, त्यातली त्यांनी अडवली, की गोठवणाऱ्या फॅक्टरांना टेकायला ठिकाण उरत नाही आणि सेकंद वाढतात.

पण सेकंद वाढायला दुसरी कारणंही आहेत, म्हणून कन्फर्म ही दुसरी चाचणी लागते. विष तेच, प्लाझ्मा तोच, फॉस्फोलिपिड मात्र भरपूर. अडथळा जागेचा असेल तर आता तो निघून जातो आणि वेळ खाली येते. फॅक्टरच कमी असतील तर कितीही जागा दिली तरी वेळ तशीच राहते. तीच गोष्ट दोनदा मोजली जात नाही. एकच बाब बदलून काय होतं ते पाहिलं जातं.

उदाहरणादाखल दोन प्लाझ्मा घ्या. निरोगी माणसांच्या मिश्र प्लाझ्माला स्क्रीनमध्ये ३४ आणि कन्फर्ममध्ये ३२ सेकंद लागतात असं धरू. दोन्ही रुग्णांचा स्क्रीन ६२ सेकंद आला. ६२ भागिले ३४ म्हणजे १.८२, इथवर दोघे सारखे. पहिल्याचा कन्फर्म ३६ आला: ३६ भागिले ३२, १.१३. आता १.८२ ला १.१३ ने भागलं की १.६१ मिळतात. कटऑफ प्रत्येक लॅब आपल्या अभिकर्मकावर ठरवते, तो बरेचदा १.२ च्या आसपास असतो. म्हणजे हा पॉझिटिव्ह. दुसऱ्याचा कन्फर्म ५७ आला: ५७ भागिले ३२, १.७८. भागाकार १.०२. निगेटिव्ह. हा दुसरा रुग्ण वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होता. त्याचे प्रोथ्रॉम्बिन आणि दहावा फॅक्टर गोळीने उतरलेले होते, म्हणून दोन्ही वेळा लांबल्या. नुसता ६२ हा आकडा पाहून दोघांच्या हातात एकच निदान दिलं गेलं असतं.

मधली मिक्सिंगची पायरी हेच वेगळ्या बाजूने तपासते. रुग्णाचा आणि निरोगी प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा. कमतरता असेल तर भरून निघते. दुसऱ्या रुग्णाचं मिश्रण ३६ सेकंदांवर येईल. अडवणारी अँटिबॉडी असेल तर ती निरोगी प्लाझ्मालाही अडवते, पहिल्याचं मिश्रण ४८ च्या आसपास रेंगाळेल. मात्र मिसळताना अँटिबॉडीही निम्मी होते, त्यामुळे कमजोर अँटिकोआग्युलंट इथे निसटू शकतं. मिक्सिंग सुधारलं एवढ्यावरून निगेटिव्ह म्हणणंही घाईचं ठरतं.

तिन्ही पायऱ्या नीट करूनही फसवणारी एक गोष्ट आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक गैरसमज तिथेच होतात: रिव्हारोक्सॅबॅन, रक्त पातळ करणारी दुसरी एक गोळी. ही गोळी जागा झालेला दहावा फॅक्टर बंद पाडते, आणि विष नेमका तोच जागा करतं. स्क्रीन वाढतो. अनेक अभिकर्मकांत कन्फर्म त्या मानाने कमी वाढतो, म्हणून भागाकारही कटऑफच्या वर जातो. औषध निरोगी प्लाझ्मालाही रोखतं, म्हणून मिक्सिंगही सुधारत नाही. कागदावर हुबेहूब ल्युपस अँटिकोआग्युलंट. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून असाच रिपोर्ट घेऊन आलेल्या बाईंच्या मागणीपत्रावर औषधाचा रकाना कोरा होता. त्या सकाळीच गोळी घेऊन आल्या होत्या. प्लाझ्मातलं औषध कोळशाने शोषून काढून पुन्हा तपासलं तेव्हा भागाकार कटऑफच्या खाली निघाला. गोळी कोणती आणि शेवटची कधी घेतली, हे सुई टोचण्याआधी विचारायला हवं.

उलटी चूकही होते, आणि ती सेंट्रिफ्यूजपाशी. प्लाझ्मात प्लेटलेट्स राहिल्या आणि तो गोठवून पुन्हा वितळवला, तर त्या फुटून स्वतःचं फॉस्फोलिपिड सोडतात. स्क्रीनमध्ये मुद्दाम तोकडी ठेवलेली जागा आपोआप वाढते आणि खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसतो. म्हणून नमुना दोनदा फिरवतात, वरचा प्लाझ्मा काढताना तळाच्या थराजवळचा थोडा तसाच सोडतात आणि प्लेटलेट्स दर मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली आहेत याची खात्री करतात. तळाशी राहिलेला तो थेंब वाचवायच्या मोहात अनेक नमुने वाया गेले आहेत.

राहिलं नाव. कॉन्ली आणि हार्टमन यांनी १९५२ मध्ये हे द्रव्य ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या, दोन रुग्णांत नोंदवलं आणि १९७२ मध्ये फाइनस्टाइन व रॅपापोर्ट यांनी त्याला हे नाव दिलं. नाव तसंच चिकटलं, पण ते असलेल्या बऱ्याच जणांना ल्युपस नसतो. एखाद्या संसर्गानंतर ते तात्पुरतं येतं आणि निघूनही जातं. म्हणूनच पॉझिटिव्ह आल्यावर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात, आणि विषाच्या चाचणीसोबत एपीटीटी या गोठण्याची वेळ मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीवर आधारलेली दुसरीही चाचणी लावतात, कारण काही अँटिबॉडीज एकीत दिसतात, दुसरीत नाहीत. रिपोर्ट हातात असेल तर त्यात स्क्रीन, कन्फर्म आणि त्यांचा भागाकार हे तिन्ही आकडे आहेत का ते पाहा, आणि नमुना दिला त्या दिवशी कोणती गोळी चालू होती ते त्याच कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या.